चालतंय, पण परवडत नाही

जो धंदा सपशेल आपटतो, तो सोडायला फारसा विचार करावा लागत नाही. पहिल्या महिन्यात एकही पाकीट खपलं नाही की माणूस दोन दिवस हळहळतो, उरलेला माल शेजारीपाजारी वाटून टाकतो आणि दुसरं काहीतरी बघायला लागतो. पंचाईत होते ती थोडं कमावणाऱ्या धंद्याची. महिन्याला दोन-अडीच हजार सुटतात, ओळखीचे लोक "छान झालंय" म्हणतात, एखादा दुकानदार माल ठेवायला तयार होतो. बंद करावं असं काही घडत नाही आणि जोर लावावा असंही काही दिसत नाही. वर्ष निघून जातं. मधल्या काळात यादीत दुसऱ्या नंबरावर लिहिलेली कल्पना वहीतच राहते.

घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्यात हे सगळ्यात जास्त दिसतं, कारण तिथे सुरुवातीला भांडवल थोडं लागतं आणि स्वतःचे कष्ट खर्चात धरायची पद्धत नाही. म्हणून तेच उदाहरण घेऊ या. नाशिकमध्ये राहणाऱ्या एक बाई आहेत असं समजा. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, पण असे हिशोब घरोघरी सापडतील. बाईंनी विचार करून चार पदार्थांची यादी केली: नाचणीचे लाडू, थालीपिठाची भाजणी, उपवासाचं साहित्य आणि ऑफिसचे डबे. डब्यांना रोजची बांधिलकी फार, म्हणून ते शेवटी. लाडवांना पहिला नंबर मिळाला, कारण त्यांच्या हातचे लाडू नात्यात प्रसिद्ध आणि पाकिटामागे सुटणारे पैसे सगळ्यात जास्त.

जानेवारी ते मार्च असे तीन महिने त्यांनी लाडू विकले. काळ चांगला निवडला होता, हे मुद्दाम सांगायला हवं. गणपती ते दिवाळी या दिवसांत कुठलाही गोड पदार्थ खपतो, त्यामुळे त्या काळातल्या चाचणीवरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. प्रदर्शनांचंही तसंच. पुण्याची भीमथडी असो की मुंबईचं महालक्ष्मी सरस, तिथे लोक खरेदीच्या तयारीनंच आलेले असतात. चार दिवसांत महिन्याचा माल संपतो, पण त्यातलं कोण पुन्हा मागवील हे स्टॉलवर उभं राहून कळत नाही. चाचणीसाठी साधे, सणवार नसलेले दिवसच खरे.

मार्चचा हिशोब असा. पाव किलोच्या डब्याची किंमत १८० रुपये. नाचणीचं पीठ, गूळ, तूप, सुकामेवा, वेलची, गॅस, डबा आणि लेबल मिळून खर्च १०५ रुपये. यात सगळ्यात मोठा वाटा तुपाचा, आणि तूप कमी केलं की लाडू तोंडात कोरडा लागतो, म्हणजे तिथे काटकसरीला जागा नाही. गिऱ्हाइकानं थेट घेतला तर डब्यामागे ७५ रुपये सुटतात. कॉलनीतल्या दुकानात ठेवला तर दुकानदार २० टक्के, म्हणजे ३६ रुपये घेतो आणि हातात ३९ उरतात. महिन्यात ६० डबे गेले, निम्मे थेट आणि निम्मे दुकानातून. म्हणजे ३४२० रुपये सुटले. त्यातून पेट्रोल आणि कुरिअरचे ५०० गेले. दुकानातून तारीख उलटून परत आलेल्या ४ डब्यांचे ४२० गेले. उरले २५०० रुपये.

बहुतेक जणी इथे थांबतात. अडीच हजार म्हणजे काही वाईट नाही, हळूहळू वाढेल, असं म्हणतात. पण हिशोबाचा अर्धा भाग अजून मांडायचाच आहे, तो म्हणजे वेळ. पीठ मंद आचेवर खमंग भाजायचं, गूळ-तूप मिसळायचं, मिश्रण कोमट असतानाच लाडू वळायचे, गार झाल्यावर डबे भरायचे, वजन करायचं, लेबल लावायचं. तीन किलोच्या एका घाण्याला, म्हणजे १२ डब्यांना, साडेपाच तास लागतात. महिन्यात असे पाचाहून थोडे जास्त घाणे झाले, त्याचे २९ तास. बाजारहाटाचे ४. लाडू तीन-चार आठवड्यांपुढे टिकत नाहीत, त्यामुळे दुकानांत दर आठवड्याला थोडा थोडा माल पोचवावा लागतो, त्याचे ११. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेणं, पैशांची आठवण करणं, बिलं याचे ६. एकूण ५० तास. म्हणजे तासाला ५० रुपये.

हा तासाचा भाव काढला की गोष्टी दिसायला लागतात. यादीतल्या दोन कल्पनांची तुलना महिन्याच्या एकूण रकमेवर करता येत नाही, कारण दोन्हींना लागणारा वेळ वेगळा असतो. पाकिटामागच्या नफ्यावर तर नाहीच नाही. घरच्या धंद्यात कमतरता असते ती मोकळ्या तासांची. घर, मुलं, म्हातारी माणसं सांभाळून बाईंकडे महिन्याला साधारण ५० तास निघतात. ते लाडवांवर गेले की भाजणीला उरत नाहीत. त्यामुळे प्रश्न "लाडवांत काही मिळतं का?" हा नाही. "हेच ५० तास दुसरीकडे लावले तर किती मिळेल?" हा आहे.

तरीही ५० रुपये हा आकडा बघून लगेच लाडू बंद करणं घाईचं ठरेल. कमी कमाईची कारणं तीन प्रकारची असतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. एक, लोकांना पदार्थ माहीतच नाही. दोन, लोकांनी घेऊन पाहिला आणि पुन्हा मागितला नाही. तीन, लोक पुन्हा पुन्हा मागतात, पण हिशोबच बसत नाही. पहिलं कारण असेल तर चाचणी अजून पुरी झालेली नाही, ती चालू ठेवायला हवी. दुसरं असेल तर पदार्थ बदलायचा किंवा सोडायचा. तिसरं असेल तर एखादा मोठा बदल करून पाहायचा, आणि त्यानं भागलं नाही तर पुढे जायचं. कुठल्या कारणानं गाडी अडली आहे हे न कळता सोडलेली कल्पना मनातून जात नाही. सहा महिन्यांनी ती पुन्हा डोकं वर काढते.

पहिलं कारण तपासताना छोटे आकडे फसवतात. समजा बाईंनी शेजारच्या सोसायटीत ४० घरी पत्रक आणि चवीपुरता लाडू दिला आणि एकाही घरून ऑर्डर आली नाही. "त्या सोसायटीत काही खपत नाही" असा निष्कर्ष कुणीही काढील. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: जितक्या जणांना विचारलं आणि एकही होकार आला नाही, त्या संख्येनं ३ ला भागायचं. ३ भागिले ४० म्हणजे साडेसात टक्के. याचा अर्थ असा की, खरोखर दर शंभरात सात घरं घेणारी असली, तरी नेमक्या या ४० घरांत एकही न सापडणं शक्य आहे. तीनशे घरांच्या सोसायटीत सात टक्के म्हणजे एकवीस घरं, आणि एवढ्या गिऱ्हाइकांवर असा घरगुती धंदा चालू शकतो. शंभर घरांतून एकही होकार आला नाही तर मात्र वरची हद्द तीन टक्क्यांवर येते, आणि मग सोसायटी सोडून द्यायला हरकत नाही. थोड्या लोकांनी दिलेला नकार हा पुरावा म्हणून फार अशक्त असतो. होकाराचंही तेच: दहा ओळखीच्यांनी केलेल्या कौतुकावर महिनाभराचा माल भरू नये.

दुसरं कारण तपासायला एकच आकडा लागतो, दुसऱ्यांदा मागवणाऱ्यांचा. पहिल्यांदा लोक कौतुकानं घेतात, भीड पडते म्हणून घेतात, नवीन दिसलं म्हणून घेतात. दुसऱ्यांदा घेतात ते आवडलं म्हणून. बाईंच्या वहीत तीन महिन्यांत थेट घेणारी ४६ घरं होती. त्यातली १४ नातेवाईक आणि नवऱ्याच्या ऑफिसमधली. ती बाजूला काढायची, कितीही वाईट वाटलं तरी. उरलेल्या ३२ अनोळखी घरांपैकी ९ जणांनी पुन्हा मागवले, त्यातल्या ४ जणांनी तिसऱ्यांदाही. चवीबद्दल शंका घ्यावी असा हा आकडा नाही. न सांगता, सूट न देता चौथ्या हिश्शाहून जास्त अनोळखी घरं परत आली, याचा अर्थ पदार्थ लोकांना पसंत आहे. ३२ पैकी एखादंच घर परतलं असतं, तर पुढचा कुठलाही हिशोब करायची गरज नव्हती.

इथेच चाचणी किती दिवस चालवायची याचंही उत्तर मिळतं. "तीन महिने बघू" असं सगळे म्हणतात, पण तीनच का, हे कुणी सांगत नाही. मुदत ठरते ती पदार्थ संपायला किती दिवस लागतात यावर. दहा लाडवांचा डबा चौघांच्या घरात आठवडा-दीड आठवडा पुरतो. म्हणजे दोन महिन्यांत गिऱ्हाइकाला पुन्हा मागवायच्या चार-पाच संधी मिळतात, आणि तेवढ्यात न आलेला बहुतेक येत नाही. भाजणीचं पाकीट महिनाभर स्वयंपाकघरात पडून राहतं, तर तिची चाचणी चार महिन्यांची हवी. दिवाळीच्या फराळासारख्या वर्षातून एकदाच लागणाऱ्या मालाला तर दुसरी दिवाळी यावी लागते. पुन्हा मागवायची संधी तीन-चार वेळा येऊन गेली पाहिजे. त्याआधी सोडलं तर घाई, आणि त्यानंतर नवीन काही न करता रेटत राहिलं तर नुसता वेळ वाया.

आता बाईंच्या लाडवांची परिस्थिती स्पष्ट झाली. माल पसंत आहे, हिशोब बसत नाही. तिसरं कारण. अशा वेळी एक मोठा बदल करून पाहायचा. एकच, कारण किंमत, डबा आणि दुकान असं सगळं एकदम बदललं तर कशामुळे काय झालं हे कळत नाही. बहुतेक घरगुती धंद्यांत पहिला बदल किमतीचा करावा असं माझं स्पष्ट मत आहे. घरचे पदार्थ करणाऱ्या बायका किंमत जवळजवळ नेहमी कमी लावतात, कारण किंमत लावताना डोळ्यांपुढे गिऱ्हाईक नसतं, ओळखीची माणसं असतात.

एप्रिलमध्ये त्यांनी डबा २०० रुपयांना केला. दुकानदारानं लगेच सांगितलं, "वहिनी, या भावाला दहाच ठेवा, त्याहून जास्त उचलणार नाही." थेट घेणारे मात्र जवळपास सगळे राहिले. महिन्यात ६० ऐवजी ४८ डबे गेले, निम्मे थेट, निम्मे दुकानांतून. थेट डब्यामागे आता ९५ सुटले, दुकानातल्या डब्यामागे ५५. एकूण ३६००. प्रवासाचे ४५० वजा, परत आलेल्या ६ डब्यांचे ६३० वजा. उरले २५२०. महिन्याच्या शेवटी हातात पडणारी रक्कम होती तेवढीच, पण काम हलकं झालं, ५० तासांचे ४३ झाले. तासाचा भाव ५० वरून ५९ वर आला. बदल उपयोगी पडला, यात शंका नाही. प्रश्न सुटला का, याचं उत्तर अजून मिळायचं आहे.

त्यासाठी या धंद्याचं छत बघावं लागतं, आणि मला वाटतं हीच पायरी लोक सगळ्यात जास्त टाळतात. समजा सगळं मनासारखं झालं, विक्री दुप्पट झाली, तर तासाला किती मिळतील? मार्चच्याच भावानं १२० डबे धरा. सुटतील ६८४०. पेट्रोलचे ७०० आणि परत आलेल्या मालाचे ६०० वजा केले की साधारण साडेपाच हजार. वेळ किती? बाजारहाट, पोचवणं, ऑर्डर घेणं हे दुप्पट होणार नाही, ते ३० तासांत उरकेल. पण लाडू वळणं तंतोतंत दुप्पट होणार, ५८ तास. एकूण ८८ तास आणि तासाला ६३ रुपये. म्हणजे एवढी धडपड करून विक्री दुप्पट केली, तरी तासाचा भाव पन्नासचा त्रेसष्ट. आणि तेवढे तास तर बाईंकडे नाहीतच. मदतीला बाई ठेवायची म्हटलं तर तिला तासाला ६३ पेक्षा कमी देऊन भागणार नाही, म्हणजे मालकिणीला काहीच उरत नाही.

छत कशामुळे खाली आलं, तेही या हिशोबातच दिसतं. लाडू हातानं वळायचा असतो आणि फार दिवस टिकत नाही. या दोन गोष्टी जाहिरातीनं बदलत नाहीत. "थोडं थांबलं तर वाढेल" हे म्हणणं तेव्हा खरं असतं, जेव्हा वाढीबरोबर दर पाकिटाला लागणारे कष्ट कमी होत जातात. ते कमी होत नसतील, तर वाढ म्हणजे नुसतं जास्त काम.

आता यादीतला दुसरा नंबर. थालीपिठाची भाजणी. अर्ध्या किलोचं पाकीट १२० रुपयांना. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धणे-जिरे, भाजताना होणारी घट, दळणावळ, पाऊच धरून खर्च ६५. थेट ५५ सुटतात, दुकानातून ३१. पाकिटामागे लाडवांपेक्षा बरंच कमी, आणि म्हणूनच यादी करताना ती मागे पडली होती. पण भाजणी एका वेळी १५ किलो होते. धान्यं वेगवेगळी भाजायला साडेतीन तास, गिरणीत एक, भरायला अडीच. सात तासांत ३० पाकिटं. शिवाय नीट कोरडी भाजली आणि पाऊच पक्का बंद केला तर ती दोन-तीन महिने टिकते, म्हणजे दुकानांत महिन्यातून एक-दोन चकरा पुरतात आणि परत येणारा माल जवळजवळ नाही.

पण इथे सावध राहायला हवं. चालू कल्पनेचे आकडे घामानं मिळवलेले असतात आणि पुढच्या कल्पनेचे कागदावरचे. कागदावर सगळंच फायद्यात असतं. म्हणून तुलना सरळ करायची नाही. चालू कल्पनेचा चांगल्यातला चांगला आकडा एका बाजूला ठेवायचा आणि पुढच्या कल्पनेचा वाईटातला वाईट आकडा दुसऱ्या बाजूला. बाईंचा अंदाज महिन्याला ६० पाकिटांचा होता. तो निम्म्यावर आणू, ३० पाकिटं. निम्मी थेट, निम्मी दुकानात. सुटतील १२९०, प्रवासाचे दीडशे वजा, उरतील ११४०. वेळ: एका घाण्याचे ७, बाजाराचे २, पोचवण्याचे ४, ऑर्डरींचे ३, असे १६ तास. तासाला ७१ रुपये. ६० पाकिटं खरंच गेली तर २६ तासांत साधारण २३०० उरतील, म्हणजे ८८.

लाडवांचा दुप्पट विक्रीचा आकडा ६३, भाव वाढवून प्रत्यक्ष आलेला ५९. भाजणीचा निम्म्या विक्रीचा आकडा ७१. चित्र इतकं स्पष्ट असेल तर थांबण्यात काही अर्थ नाही, लाडू सोडून भाजणीकडे वळावं. हेच आकडे उलटे असते, म्हणजे भाजणी मनासारखी चालली तरच लाडवांच्या पुढे जाते असं दिसलं असतं, तर मी लाडवांवरच आणखी दोन महिने घालवायला सांगितलं असतं. नव्या कल्पनेला सुरुवातीला शिकण्याचा खर्च असतोच. पहिल्या दोन-तीन घाण्यांत एखादं धान्य करपतं, पावसाळ्यात दमट हवेनं भाजणीला वास येतो, पाऊच नीट बंद होत नाही. लाडवांची घडी बसलेली असते. फरक किरकोळ असेल तर बसलेली घडी मोडू नये.

हिशोब इतका सरळ असूनही मन मानत नाही, आणि त्याला कारण आहे. बाईंनी लाडवांसाठी हजारभर लेबलं छापून घेतलेली असतात, डबे घाऊक आणलेले असतात, घरातल्यांना "चाललंय" असं सांगितलेलं असतं. आधी घातलेला पैसा माणसाला कसा ओढतो, यावर अमेरिकेत हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लुमर यांनी केलेला एक प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना, कुठलाही निकष न लावता, सवलतीत तिकीट दिलं गेलं, बाकीच्यांना पूर्ण किमतीत. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी पूर्ण पैसे मोजलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना गेले. नाटक किती आवडेल याच्याशी आधी मोजलेल्या पैशांचा काही संबंध नव्हता, तरी ते पैसे त्यांना नाट्यगृहात खेचून नेत होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. हंगामाच्या उरलेल्या भागात दोन्ही गटांतला हा फरक राहिला नाही. घातलेल्या पैशांची ओढ कायमची नसते, काही महिन्यांनी ती आपोआप सैल होते. पण यादीतली पुढची कल्पना तोपर्यंत ताटकळते, आणि त्या महिन्यांतले तासही कुठल्या हिशोबात येत नाहीत.

यावर एकच उपाय मला पटतो. सोडायच्या अटी सुरुवातीलाच, एक पैसाही घालायच्या आधी लिहून ठेवायच्या. तेव्हा मन कुठल्याच बाजूला ओढलेलं नसतं. "गिऱ्हाइकांना पुन्हा मागवायची संधी चार वेळा मिळाल्यावर, नातेवाईक सोडून पाचातलं एक घरही परतलं नसेल तर बंद" अशी एक अट. "एक बदल करूनही तासाला इतके रुपये सुटले नाहीत तर पुढची कल्पना" अशी दुसरी. तासाचा आकडा प्रत्येकीचा वेगळा असेल, कारण तो दुसरीकडे तुमचा तास कितीला जातो त्यावर ठरतो: शिकवणीला, शिवणकामाला, दुसऱ्याच्या धंद्यात मदतीला. अट घरातल्या दुसऱ्या कुणालातरी वाचून दाखवलेली बरी. आपण स्वतः मुदत वाढवून देतो, दुसरा माणूस आठवण करून देतो.

आणि सोडणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. बाईंनी दुकानांतून लाडू काढून घेतले, कारण तोटा होत होता तो तिथल्या कमिशनमुळे आणि परत येणाऱ्या मालामुळे. परत परत मागवणाऱ्या ९ घरांसाठी आणि डोहाळजेवणाच्या ऑर्डरींसाठी लाडू चालू राहिले, पण आधी पैसे आणि किमान दोन किलो, या अटीवर. तसा घाणा घातला की ना पोचवण्याची चक्कर ना शिल्लक माल. मे महिन्यात त्या भाजणीकडे वळल्या तेव्हा पाटी कोरी नव्हती. त्याच ९ घरांना पहिलं पाकीट पाठवता आलं. ज्या दोन दुकानदारांनी वेळेवर पैसे दिले होते, त्यांच्याकडेच भाजणी ठेवली, उधारीत अडकवणाऱ्या तिसऱ्याकडे नाही. वजनकाटा, सीलिंग मशीन, खाद्यपदार्थांची नोंदणी हे सगळं होतंच. नोंदणीत भाजणीची भर घालावी लागते का, ते तेवढं आधी तपासून घेतलं.

यादीही जशीच्या तशी राहिली नाही. हातानं एकेक करावं लागणारं आणि लवकर खराब होणारं काय आहे, हे लाडवांनी शिकवल्यावर उपवासाच्या साहित्यातली साबुदाणा पिठासारखी कोरडी पिठं वर सरकली आणि उपवासाच्या वड्या यादीतून गेल्या. पहिल्या कल्पनेच्या चाचणीतून पुढच्या तीन कल्पनांचा क्रम सुधारत नसेल, तर चाचणीच्या वहीत काहीतरी लिहायचं राहून गेलं आहे असं समजा.

तुमचा असा एखादा धंदा चालू असेल, तर या महिन्यात तासांची नोंद ठेवा. भाजण्या-दळण्याचे तास, दुकानाच्या चकरांचे तास, फोनवर गेलेले तास, सगळे. महिनाअखेरीस उरलेल्या पैशांना त्या तासांनी भागा, विक्री दुप्पट झाली तर तो आकडा किती होईल तेही काढा, आणि यादीतल्या पुढच्या नावाचा निम्म्या विक्रीचा आकडा त्याच्या शेजारी लिहा. तो मोठा निघाला तर पुढच्या महिन्याचा कच्चा माल त्याचाच भरा.